सुतकातली मिसरी

आमच्या घरात तंबाखू चालत नसे. हे मी नाही म्हणत, माझे सासरे म्हणायचे. ते ओटीवर बसून असं बोलायला लागले की आलेला पाहुणा आपली चंची हळूच कमरेला खोचायचा आणि विषय बदलायचा. एकदा थोरल्या नणंदेला स्थळ आलं होतं. घर चांगलं, शेती चांगली, पण मुलाच्या गालात गोळी दिसली आणि सासऱ्यांनी पाण्याचा तांब्याही न विचारता त्यांना वाटेला लावलं. "तंबाखू खानारा मानूस सोताच्या जिवाचा नसतो, तो माज्या पोरीचा काय व्हनार?" असं म्हणाले होते. गावात हे वाक्य पुष्कळ दिवस फिरत होतं.

आणि हेच सासरे दर पौषात म्हसा गावच्या जत्रेला जायचे ते परत येताना खांद्यावर घोंगडी, हातात नव्या बैलाची वेसण आणि काखेत तंबाखूच्या पानांची जुडी घेऊन यायचे. जुडी सासूच्या पुढ्यात टाकून म्हणायचे, "हे घ्या गो, तुमचं दातांचं." कुणाला यात काही वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही. मेली अक्कल कुठं चरायला गेली होती आमची, देव जाणे. ती पानं माळ्यावर चढायची. आठ-पंधरा दिवसांनी त्यातली चार खाली यायची, लोखंडी तव्यावर काळी होईपर्यंत भाजली जायची, घरभर असा ठसका उठायचा की गोठ्यातलं वासरूसुद्धा शिंकायचं. मग ती पानं हाताने चुरून डबीत भरली की झाली मिसरी. कुणी मशेरी म्हणतं. ती दाताला लावायची. खायची नाही. खाणं आणि लावणं यात आमच्या लेखी जमीन-अस्मानाचं अंतर होतं.

माझं माहेर वैशाखऱ्याच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. तिथे आम्ही चुलीतल्या राखेने दात घासायचो, फार तर कडुनिंबाची काडी. सापगावच्या बाजूला लग्न होऊन आले तेव्हा मला मिसरी कशी असते तेही नीट ठाऊक नव्हतं. पहिल्याच पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत माझी दाढ ठणकायला लागली. चिखलात वाकून रोप लावताना कळ अशी यायची की डोळ्यांपुढे काजवे. रात्री मी तोंडात पदर कोंबून रडत होते, ते सासूने ऐकलं. ती उठली, डबी आणली, माझं तोंड उघडायला लावलं आणि आपल्या बोटाने मिसरी दाढेवर चोळली. "थुकू नको. दाबून धर जराशी."

मी धरली. थोड्या वेळात घर गरगर फिरायला लागलं. घाम फुटला, उचकी लागली, पोटात ढवळलं आणि मी पडवीच्या कडेला जाऊन जेवलेलं सगळं काढलं. सासू माझी पाठ चोळत होती आणि हसत होती. "पयल्यांदा सगल्यांनाच लागते. मलाबी लागली व्हती." पण दाढेची कळ मात्र बधिर झाली होती. दुसऱ्या दिवशी मीच डबी मागितली. तिसऱ्या दिवसापासून गरगरणं बंद. दाढ पुढे आपोआप पडली, मिसरी राहिली.

खरं सांगायचं तर दाढेचं निमित्तच झालं. मला गोडी लागली ती त्या बसण्याची. सासू माझी तशी वाईट नव्हती, पण तोंडाने फटकळ. दिवसभर "अगो, हे नाय केलंस, ते नाय केलंस" चालू. फक्त पहाटे झुंजूमुंजू होताना ती मागच्या पडवीत पायरीवर बसायची, मांडीवर डबी, आणि मला म्हणायची, "ये गो, टेक जरा." आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून दात चोळायचो. तोंडात मिसरी असताना बोलता येत नाही, म्हणून ती मला बोलायची नाही. मी सून आहे हे तेवढ्यापुरतं ती विसरायची. कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. काळी थुंकी केळीच्या बुंध्याशी टाकून उठलं की पुन्हा ती सासू आणि मी सून. त्या पायरीसाठी मी काय वाटेल ते तोंडात घातलं असतं.

आधी पहाटे एकदा. मग जेवणानंतर. मग दुपारी भांडी घासून झाल्यावर, मग निजताना. मिसरी लावल्याशिवाय परसाकडे होईना. शेतावर डबी विसरले तर दुपारपर्यंत कानशिलं उडायची, आणि सासू म्हणायची, "पित्त झालं असंल." तिलाही तसंच पित्त व्हायचं. आम्हा दोघींचं पित्त मिसरी लावली की उतरायचं, आणि तरीही ते पित्तच होतं.

माझी थोरली जाऊ या बाबतीत आमच्यापेक्षा वरचढ. थोरले दीर मुंबईत गिरणीत होते. ते सणावाराला यायचे तेव्हा तिच्यासाठी दंतमंजनाचा पत्र्याचा डबा आणायचे. लाल पूड, लवंगेचा आणि कापराचा वास, डब्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र. जाऊ ओटीच्या कोपऱ्यात ऐटीत दात घासायची आणि आमच्याकडे बघून नाक मुरडायची. "श्शी! तोंडं बगा मेल्यांची, तव्याच्या बुडासारखी. आमी नाय बाय असलं कायी लावत." डबा संपत आला की तिची घालमेल व्हायची, शहापूरच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे ती लागायची, हे मी पाहिलेलं होतं. पण मुंबईची वस्तू, तिची चटक लागणारच, एवढंच मनात यायचं.

ज्या साली हे घडलं त्या साली लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. सासरे नेहमीप्रमाणे म्हशाला गेले. त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. येताना घोंगडी नव्हती, बैलही नव्हता, पण जुडी होती. आले ते छातीत कफ भरून. ताप चढला, श्वास घरघरायला लागला. वैद्याचा काढा झाला, शहापूरहून डॉक्टरला आणायला गाडी जुंपली, पण ती निघायच्या आतच सगळं आटोपलं. घरातला मोठा माणूस गेला की घर कसं होतं ते ज्याचं जातं त्यालाच कळतं. सासूने हंबरडा फोडला तो माझ्या काळजात अजून आहे.

आमच्याकडे सुतकाची रीत कडक. पहिले तीन दिवस चूल पेटवायची नाही. शेजारपाजारचे भात-वरण आणून देणार, ते खायचं. नंतर चूल पेटली तरी भात शिजवण्यापुरती. भाजणं, परतणं, फोडणी काही नाही. तवा धुऊन भिंतीशी पालथा घालायचा, तो दहाव्यापर्यंत सरळ करायचा नाही. सुतकातल्या माणसाने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही की तोंडाने काही मागायचं नाही.

भेटायला बायका यायला लागल्या, वाटेवरच्या सगळ्या गावांतून. येणारी बाई सासूच्या गळ्यात पडून रडायची, मग बाजूला बसायची, आणि मी डबी पुढे करायची. चहापाणी सुतकाच्या घरी कुणी घेत नाही, पण मिसरीला नाही कोण म्हणणार? पहिल्याच दिवशी दुपारी डबीचा तळ दिसला, संध्याकाळी तोही खरवडून झाला. एरवी अशा वेळी भाजून ठेवलेली असायची, या खेपेला सगळंच अवचित. जुडी माळ्यावर होती, सासऱ्यांनीच आणलेली. पण भाजायची कशी? तवा पालथा. आणि कच्चं पान तोंडात घालायचं तर तो तंबाखू झाला! सासऱ्यांच्या घरात, सासऱ्यांच्या सुतकात, सुनेने तंबाखू खायचा? जीभ झडली नसती का?

पहिला दिवस रडण्यात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तीच कानशिलं ठोकत. दुपारपर्यंत डोळे उघडवेनात. हाताला कापरं, अंगाला घाम, थंडीच्या दिवसांत. भाताचा घास तोंडात फिरायचा. पोट दगडासारखं. रात्री डोळ्याला डोळा नाही. नुसतं असं वाटायचं की काहीतरी राहून गेलंय, कुठेतरी जायचंय, कुणाला तरी ओरडायचंय. तिसऱ्या दिवशी माझ्या हातून पाण्याची घागर सुटली आणि फुटली. जाऊ म्हणाली, "डोले फुटले का गो?" आणि मला काय झालं कोण जाणे, मी सगळ्या बायकांसमोर किंचाळले, "गप बसा सगल्या! माजं डोकं उटलंय!"

रडून रडून माझा घसा बसला होता. आवाज घोगरा, जाड आला. मग मला उमगलं. हेच शब्द सासरे रोज संध्याकाळी शेतावरून आले की बोलायचे. पोरांचा गलका ऐकला की ओटीवरून असंच खेकसायचे.

एका म्हातारीने हळूच तोंडाला पदर लावला. "म्हाताऱ्याचाच आवाज गो."

झालं! तेवढं पुरे झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सासऱ्याने धाकट्या सुनेला धरलंय. थरथर कापतेय, झोपत नाही, जेवत नाही, डोळे लाल, म्हाताऱ्याच्या आवाजात बोलते. आणखी पुरावा कशाला हवा?

आणि ऐका. तिकडे माजघराच्या कोपऱ्यात माझी सासू डोक्याला फडकं आवळून पडली होती. तीही कापत होती, तीही जेवत नव्हती, तिचाही डोळा लागत नव्हता, कुणी बोललं की खेकसत होती. तिला सगळे म्हणत होते, "जोडीचं मानूस गेलं बिचारीचं." दुखणं एकच. तिचं दुःख ठरलं आणि माझी बाधा ठरली. जाऊ मात्र ताठ. ती पहाटे दात घासायची, आल्यागेल्याचं बघायची, दोन वेळचं आवरायची. "थोरली सून कशी खंबीर हाय बगा," असं बायका म्हणत होत्या.

चौथ्या दिवशी भगताला बोलावणं गेलं. संध्याकाळी येतो म्हणाला. भगत काय करतो ते मी जाणून होते. आमच्या आळीतल्या एका पोरीला असंच लागिर झालं म्हणून त्याने विळा तापवून तिच्या पोटऱ्यांना डाग दिले होते. त्यानंतर तिला माहेरी पाठवलं. 'बरी झाली की आणू' म्हणाले होते. ती बरी होऊन वर्षं झाली, आणायला कुणी गेलं नाही. नवऱ्याने दुसरी केली. माझ्या नवऱ्याला मी म्हटलं, "मला पाठवणार का तुमी?" तो खाली बघत म्हणाला, "भगत काय सांगतो ते बघू." चांगला माणूस होता, पण बाप गेलेला, चार माणसं सांगतील तसं करणारा. माझ्या भावाला निरोप धाडायचा का, याची ओटीवर बोलणी चालली होती ती मला आत ऐकू येत होती.

मला वाचवायला मीच पुढे आले असं कुणाला वाटेल. कसलं काय! मलाही तेच वाटत होतं की सासऱ्यांनी धरलंय. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडत होते. "मामा, माजं काय चुकलं? मी तुमाला पेज वेलेवर दिली, पाय चेपले, मला सोडा." माझा आवाज माझाच राहिला नाही, हात माझे राहिले नाहीत, मग दुसऱ्या कुणाचे तरी असणारच ना? मी भ्याले होते, इतकी भ्याले होते की विहिरीचा विचार दोनदा मनात येऊन गेला.

दुपारी उन्हं कलल्यावर जाऊ माझ्याजवळ आली. दया आली होती की किळस, सांगता येत नाही. म्हणाली, "भगताम्होरं बसायचंय. तोंडाला घान मारतंय तुज्या. घे, जरा दात घास." आणि तिने आपल्या डब्यातली दोन चिमटी लाल पूड माझ्या तळहातावर ठेवली. एरवी त्या डब्याला कुणी हात लावलेला तिला खपायचं नाही.

मुंबईची वस्तू म्हणून निम्मी पूड पदराच्या टोकाला बांधली आणि मी मागच्या पायरीवर बसून दात चोळायला लागले. लवंग झोंबली, कापराने तोंड गार झालं. मन ठिकाणावर नव्हतं म्हणून थुंकायचंही विसरले. आणि मग, सांगते, कुणीतरी डोक्याभोवती आवळलेली दोरी सैल करावी तसं झालं. आधी कानशिलं थांबली. मग हात. मी हात डोळ्यांपुढे धरून पाहिला, तो स्थिर होता. अंगणात बोरीवर चिमण्या भांडत होत्या, त्यांचा आवाज चार दिवसांत पहिल्यांदा मला गोड वाटला. पोटात भूक लागली.

सासरे अंगातून गेले म्हणावं तर लवंगेच्या पुडीने मेलेला माणूस पळतो होय? मी तिथेच बसून राहिले. तळहातावर थोडी पूड चिकटली होती, ती हुंगली. वर लवंग, कापूर. खाली दुसरा वास. तो मी ओळखत होते, घरच्या माणसाचा ओळखावा तसा. तांब्यातलं पाणी हळूच हातावर सोडलं. लाल रंग वाहून गेला, गेरूच होता तो. मागे राहिले काळपट तपकिरी कण. मी ते जिभेला लावले. मिसरीच ती. आमची, तव्यावरची, गेरूत घोळलेली.

तेव्हा मला एकेक करून सगळं दिसलं. डबी संपली तो दिवस, कानशिलं उडाली तो दिवस. शेतावरचं पित्त. जावेची घालमेल. माळ्यावरची ती जुडी, जी कच्ची असली तर तंबाखू आणि भाजली की दातांचं औषध. आम्ही तंबाखू खात नव्हतो. तंबाखूच आम्हाला खात होता. मला हसायला आलं, आणि लगेच इतका संताप आला की पायरीवर डोकं आपटावंसं वाटलं. या काळ्या चिमटीपायी मला डागणार होते!

मी उठले ती थेट माजघरात सासूकडे गेले. जाऊ मागे आली. मी म्हटलं, "आत्याबाय, मला मामांनी धरलेलं नाय. मला तंबाखूनं धरलंय. तुमालाबी."

सासूने डोळे उघडले. "काय बोलतेस गो? घरात मानूस गेलंय आनि तुला थट्टा सुचते?"

"थट्टा नाय. मिसरी म्हंजे तंबाखूच हो. भाजला म्हनून काय त्याचा धरम बदलतो का?"

जाऊ कडाडली, "आनि माजं मंजन? ते मुंबईचं हाय, डब्यात येतं!"

"तुमच्यातबी तेच हाय, जाऊबाय. पान्यात धुवून बगा."

जाऊ काही बघणार नव्हती. तिने डबा छातीशी धरला आणि बडबडत निघून गेली. सासू माझ्याकडे पाहत होती. तिला पटलं नव्हतं, पण माझा हात कापत नव्हता हे तिने पाहिलं. मी पदराला बांधलेली चिमूट सोडून तिच्या तळहातावर ठेवली. तिने नको म्हटलं नाही. बोट आपोआप पुडीत गेलं आणि आपोआप तोंडात गेलं. आयुष्यभराची सवय ती, दुःखातही वाट चुकत नाही.

बाहेर ओटीवर पुरुष बोलत होते. थोड्या वेळाने सासूचा हात वर गेला आणि तिने डोक्याचं फडकं सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. फडकं हातात घेऊन ती त्याच्याकडे बघत राहिली. कापरं गेलं होतं. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. मी आनंदले. म्हटलं, सुटले मी! तिला आता कळलं, ती सांगेल सगळ्यांना.

आणि माझी सासू, जिला मी आजवर हळू बोलताना ऐकलं नव्हतं, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मंग गो, हे चार दिस मी कुनासाटी रडले?"

मी माझी कातडी वाचवायला धावले होते. हिच्याकडून मी काय काढून घेतेय हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पस्तीस-चाळीस वर्षांचा संसार, त्या माणसासाठी केलेला शोक, आणि मी तिला सांगत होते की त्यातला निम्मा डबी रिकामी झाल्याचा होता. मी म्हटलं, "मामांसाटीच हो, दुसऱ्या कुनासाटी?" पण ती ऐकत नव्हती. ती फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

दिवेलागणीला भगत आला. विस्तव मागितला, विळा मागितला, लिंबं मांडली. मला अंगणात बसवलं. सगळी आळी गोळा झाली होती. मी बोलणार तरी काय? बाधा झालेल्या बाईचं कोण ऐकतं? ती जे बोलते ते भूतच बोलतं. मी दाराकडे बघत होते. ते दार उघडलं नाही तर मी संपले, हे मला कळत होतं. आणि ते उघडणं सासूला किती जड आहे हेही मला कळत होतं. विधवा बाई, चौथा दिवस, माजघरातून बाहेर यायची तिला मुभाही नव्हती. आली तर काय सांगणार होती? गावासमोर, नवऱ्याच्या सुतकात, की माझं दुःख मिसरीचं होतं?

विळ्याचं पातं विस्तवात लाल व्हायला लागलं आणि ती दारात आली. कपाळ मोकळं, डोकं मोकळं. बायका "अगो बाय!" म्हणून उठल्या. तिने हाताने त्यांना थांबवलं.

"इला कोनी धरलेलं नाय," ती म्हणाली. "घरातली मिसरी सपली. ती नाय मिलाली म्हनून पोर अशी करत व्हती. मीबी तशीच करत व्हते. आता लावली, बसलं डोकं माजं. तुमी समदी म्हनत व्हता, नवऱ्यापायी झुरते. मी तंबाखूपायी झुरत व्हते. आनि इला तो मीच लावलाय, माज्या बोटानं. डागायचं तर माजं बोट डागा."

भगत चाचरला. भावकीतला कुणीतरी म्हणाला, "वैनी, आपल्या घरात तंबाखू कुठाय?" सासू म्हणाली, "माल्यावर चढ आनि बग. दादल्यानंच आनलाय, दर साली." माझ्या नवऱ्याने विस्तवावर पाणी ओतलं. तेवढं मात्र त्याने केलं, आणि त्याबद्दल मी त्याला पुढे पुष्कळ गोष्टी माफ केल्या.

मी वाचले. माझ्या भावाला निरोप गेला नाही. पण गावाचं तोंड कोण धरणार? पाणवठ्यावर बायका कुजबुजायला लागल्या, "नवऱ्यासाटी नाय गो, मिसरीसाटी रडत व्हती. सोता बोलली." ज्या बायका हे बोलत होत्या त्यांच्या दातांवर काळं दिसत होतं. हे बोलणं सासूच्या कानावर यायचं. ती उलटून बोलायची नाही. तिची फटकळ जीभ त्या एका बाबतीत जन्माची बसली.

दहावा झाला, तवा सरळ झाला. मी मिसरी सोडायची ठरवली. सोपं होतं असं समजू नका. पहिला आठवडा पुन्हा तेच कापरं, तेच डोकं, पोट कडक. फक्त आता मला त्याचं नाव ठाऊक होतं, त्यामुळे भीती वाटत नव्हती. गरम पाणी पीत राहिले, बडीशेप चघळली, नवऱ्याशी भांडले. दोनदा परत लावली आणि पुन्हा सोडली. पुढे मुलं झाली, तेव्हा त्यांच्या दाढा दुखल्या तर लवंग ठेवली, पण डबीला हात लावू दिला नाही. जाऊ शेवटपर्यंत म्हणत राहिली, "आमचं मंजन हाय." आधी महिन्याला एक डबा पुरायचा, पुढे पुढे दोन पुरेनात. भांडून काही उपयोग नसतो; ज्याचं त्याला उमगावं लागतं.

सासूला मात्र मिसरी सोडवली नाही. मी सांगून पाहिलं, एकदा ती माझ्या सांगण्यावरून कशीबशी काही दिवस राहिलीही. मग परत लावायला लागली. पण एक बदल झाला. 'मिसरी' हा शब्द तिने टाकला. मला म्हणायची, "दे गो माजा तंबाखू." येणाऱ्याजाणाऱ्यासमोरही तसंच. लोक दचकायचे.

सासऱ्यांचं महिन्याचं पान वाढलं त्या दिवशीची गोष्ट. सगळे जेवून पांगले होते. मी मागच्या पडवीत भांडी घासत होते. सासू पायरीवर येऊन बसली, डबी काढली, सावकाश मिसरी लावली, अगदी सगळ्या दातांना. लावून झाल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिली. मग चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि मला हाक मारली.

"हिकडं ये गो. माजा हात बग. कापतोय का?"

मी ओले हात पुसून तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "नाय."

"कपाल बग."

मी कपाळाला हात लावला. थंड होतं. म्हटलं, "बरं हाय, आत्याबाय. तुमाला कायी झालेलं नाय."

"नीट बगितलंस ना? ध्यानात ठेव मंग," ती म्हणाली, आणि माझा हात तसाच धरून, सासऱ्यांना नावाने हाक मारून रडायला लागली.